हळू वाचणाऱ्या आणि पटकन घाबरणाऱ्या आईला (बाबांनाही) मेसेज कसा लिहायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे घरोघरी हीच गत आहे, पोरं पुण्यात, गोव्यात, बेंगळूरुला आणि आईबाबा खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या गावात, मधे फक्त तो एक फोन. खालचे प्रश्न तेच आहेत जे लग्नात, गणपतीत, बसस्टँडवर लोक एकमेकांना विचारतात. उत्तरं माझ्या पद्धतीने देते, तुमच्या घरात वेगळं चालत असेल तर ते चालवा.

मी तर "घाबरू नको" असंच सुरुवातीला लिहितो, तरी आई घाबरते. का?

कारण "घाबरू नको" वाचल्यावर तिला पहिलं कळतं ते हेच की घाबरण्यासारखं काहीतरी झालंय. आपण मेसेज एका नजरेत बघतो, पूर्ण वाक्य एकदम कळतं. ती एकेक शब्द लावत जाते, चष्मा सारखा करत, कधी ओठ हलवत. आणि आपल्या मराठीत "नाही" येतं वाक्याच्या टोकाला. "दादाला हार्ट अटॅक वगैरे काही आलेलं नाही" हे वाक्य तिने कसं वाचलं बघा: दादाला... हार्ट... अटॅक. इथंच हात थरथरायला लागला, पुढचं "नाही" वाचायला ती पोचलीच नाही. "सिरियस काही नाही", "काळजीचं कारण नाही", "अ‍ॅक्सिडेंट मोठा नाही" सगळ्यांचं तेच होतं.

म्हणून जे झालेलं नाही ते लिहायचंच नाही. जे आहे ते लिहायचं. "ताप जास्त नाही" याऐवजी "ताप उतरला". "लागलं नाही जास्त" याऐवजी "चालत घरी आला".

मग पहिल्या ओळीत काय लिहू?

माणूस आत्ता कसा आहे आणि कुठे आहे, एवढंच. कारण तिच्या फोनवर मेसेज आला की वर पट्टीत फक्त सुरुवातीचे चार शब्द दिसतात, बाकीचं उघडल्यावर. तिला उघडायला वेळ लागतो, कधी हात ओला असतो, कधी चष्मा आतल्या खोलीत, तोवर त्या चार शब्दांवरच ती काय तो अंदाज बांधते. "आई एक सांगायचं होतं" किंवा "दवाखान्यातून बोलतोय" असं वर दिसलं तर संपलं. "आई, मी घरी पोचलो" असं दिसलं तर ती मेसेज संध्याकाळी उघडेल, आणि उघडला नाही तरी चालतंय की.

कारण, हकीकत, कुणाची चूक, किती खर्च आला हे सगळं नंतर फोनवर.

एखादं खरंखुरं उदाहरण घेऊन सांगा ना. माझ्या दादाला पुण्यात अपेंडिक्स झालं, आई नंदगडजवळच्या गावात एकटी, मी असा मेसेज लिहून ठेवलाय, पाठवू का?

"आई घाबरू नकोस सिरियस काही नाही पण दादाला काल रात्रीपासून पोटात खूप दुखत होतं म्हणून अर्जंट अ‍ॅडमिट केलंय सोनोग्राफी झाली अपेंडिक्स म्हणतायत आज ऑपरेशन आहे डॉक्टर चांगले आहेत वहिनी पण इथेच आहे फोन करू नको सगळे गडबडीत आहेत नंतर बोलते"

नको पाठवू असा. यात खोटं काही नाही, सगळं खरंच आहे, पण आईच्या जागी बसून वाच. काल रात्रीपासून दुखतंय आणि मला आज सांगतेस, हा पहिला धक्का. अर्जंट, अ‍ॅडमिट, सोनोग्राफी, ऑपरेशन, चार इंग्रजी शब्द एकापाठोपाठ, त्यातले दोन तिने फक्त कुणीतरी गेल्याच्या बातमीतच ऐकलेले. मधे पूर्णविराम नाही त्यामुळे श्वास घ्यायला जागा नाही. आणि शेवटी "फोन करू नको, नंतर बोलते", म्हणजे कधी? दहा मिनिटांनी? उद्या? हे "नंतर" सगळ्यात वाईट. आई दिवसभर फोन हातात धरून बसेल, जेवणार नाही, आणि तीन वाजता शेजारच्या पोराला घेऊन बसस्टँडवर उभी असेल.

पहिली गोष्ट, ऑपरेशनसारखी बातमी आधी आवाजाने सांगायची. दादा बोलू शकत असेल तर दादानेच दोन वाक्यं बोलावीत, त्याच्याइतकं औषध दुसरं नाही. मेसेज त्यानंतर, फोनवर जे सांगितलं तेच परत लिहून. कारण फोन ठेवल्यावर तिला निम्मं आठवत नाही, मग ती मेसेज चारदा उघडून वाचते. मेसेजचा खरा उपयोग तो.

फोन झाल्यावर हा पाठव:

"आई, मी दादाजवळ बसून लिहितेय. त्याला अपेंडिक्स झालंय. आज दुपारी दोनला ऑपरेशन. साधारण तासाभराचं असतं. संध्याकाळी सहाला मी तुला फोन करते. तात्यांना तू सांग."

आता यातलं एकेक का ते सांगते. "दादाजवळ बसून" लिहिलं की तिला कळतं तो एकटा नाही, आणि तू इकडून तिकडून ऐकलेलं सांगत नाहीस. आजाराचं नाव लिहिलंय कारण नाव नसलं की ती स्वतः नाव लावते आणि ते नेहमी मोठंच असतं. ऑपरेशन दोनला आणि तासाभराचं, मग फोन साडेतीनला का नाही, सहाला का? कारण दोनची वेळ दिली तरी आत घ्यायला तीन वाजतात, आधीचं ऑपरेशन लांबतं, झाल्यावर पेशंटला बाहेर आणेपर्यंत अजून वेळ जातो. साडेतीन म्हणालीस आणि साडेचार झाले तर त्या एका तासात तिने काय काय बघितलेलं असेल. सहा म्हण, आणि साडेचारलाच आटोपलं तर लगेच कर, लवकर आलेल्या फोनने कुणी घाबरत नाही.

"तात्यांना तू सांग" हे मुद्दाम. गावात बातमी कुणाकडून तरी येणारच, भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी "दादा अ‍ॅडमिट" टाकणारच. तीच सांगणारी झाली की लोक तिला विचारायला येतात, घाबरवायला येत नाहीत. आणि हाताला काम मिळतं.

ऑपरेशननंतर, फोन करून झाल्यावर:

"आई, ऑपरेशन झालं. दादा माझ्याशी बोलला. आता झोपलाय. रात्री वहिनी त्याच्याजवळ आहे. सकाळी आठच्या आत फोन करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी:

"आई, दादा उठून बसला. चार पावलं चालला. चहा घेतला. डॉक्टर उद्या घरी सोडतो म्हणाले."

हा तिसरा मेसेज बघ, यात "बरा आहे" हा शब्दच नाही आणि तिला गरजही वाटणार नाही. बसला, चालला, प्यायला, हे तिच्या डोळ्यासमोर दिसतं. "तब्येत स्थिर आहे" म्हटलं की टीव्हीवर पुढाऱ्यांची बातमी देतात तसं वाटतं.

एक अट आहे. दुर्बिणीतून साधं अपेंडिक्स काढलं तर बहुतेक एक-दोन दिवसांत घरी सोडतात, पण ते आत फुटलेलं निघालं तर जास्त दिवस ठेवतात. तेव्हा डॉक्टरने स्वतः सांगितल्याशिवाय "उद्या सोडतील" लिहू नको. सोडायचा दिवस पुढे गेला की तिच्यासाठी ती नवीन वाईट बातमी असते.

आईला सांगायचंच नाही, सगळं झाल्यावर सांगू, असं भाऊ म्हणतो. बरोबर ना?

मला नाही पटत. एकतर बातमी राहत नाही. नंदगडचा माणूस पुण्याच्या दवाखान्यात कुणाला तरी भेटायला गेलेला असतोच, आपलं जग एवढंसंच आहे. दुसरं म्हणजे एकदा लपवलेलं कळलं की त्यानंतरचा तुमचा प्रत्येक "सगळं ठीक" मेसेज तिला खोटा वाटतो. धीर देणारा मेसेज चालतो तो त्याच्या मागच्या मेसेजांच्या जोरावर. थोडं सांगा, टप्प्याने सांगा, पण खोटं नको. "अजून रिपोर्ट आला नाही, उद्या दुपारी येणार, आला की सांगते" हे सुद्धा चांगलं उत्तर आहे, यात कळत नसलेली गोष्ट पण कधी कळणार ते सांगितलंय.

आईचं स्वतःचं बीपी, शुगर फार वरखाली असेल तर तेवढ्यापुरतं शेजारच्या काकूंना आधी सांगून तिच्याजवळ बसायला लावा, मग फोन. बास.

चोर्ला घाटातून गोव्याला जाताना रेंज जाते, तेवढ्या वेळात आईचे वीस मिस्ड कॉल. यावर काय?

जांबोटी, कणकुंबी ओलांडलं की फोनचा भरवसा नाही हे आपल्याला माहीत आहे, तिला फक्त एवढंच कळतं की कालपर्यंत लागणारा फोन आज "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" सांगतोय. तेव्हा गप्प होण्याआधीच सांगून गप्प व्हायचं:

"आई, बेळगावातून निघालो. घाटात फोन लागणार नाही. रात्री नऊच्या आत गोव्यातून फोन करतो."

तीन-साडेतीन तासांचा रस्ता आहे, संध्याकाळी पाचला निघालात तर साडेआठ होतात, म्हणून नऊ. पावसाळ्यात दहा म्हणा. आणि नऊला पोचला नसाल पण रेंज आली असेल, तर तिथेच गाडी बाजूला घेऊन "आई, घाट उतरलो. अजून तासभर लागेल." हे नऊच्या आधी पाठवा. दिलेली वेळ मोडण्याआधी नवीन वेळ द्यायची, मोडल्यावर नाही. नऊ-दहाला "सॉरी उशीर झाला" म्हणून काय उपयोग, मधला वेळ तिचा गेला तो गेलाच.

पुराच्या वेळी टीव्ही बघून बाबा सारखे फोन करतात. मी पुण्यात अगदी सुखरूप असतो तरी.

२०१९ आणि २०२१ला कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात हायवेवर पाणी आलं, वाहतूक बंद झाली, ते बाबांच्या डोक्यात पक्कं बसलंय. २०२१ला यमगर्णीला वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलेलं, ते तर निपाणीकडच्या कित्येकांनी डोळ्याने बघितलं. त्यामुळे टीव्हीवर पाणी दिसलं की त्यांना तुमची गाडी दिसते. त्यांना "मी सेफ आहे" नुसतं पुरत नाही, कारण कुठे सेफ ते कळत नाही. तुम्ही पाण्याच्या कुठल्या बाजूला आहात ते लिहा:

"बाबा, मी पुण्यातच आहे. निघालोच नाही. रस्ता उघडल्याशिवाय निघणार नाही. रोज रात्री आठला फोन करतो."

इथे "नाही" आलंय दोनदा, मला माहीत आहे, पण "निघालोच नाही" वाचून कुणाला धक्का बसत नाही, उलट हेच त्यांना ऐकायचं असतं. नियम डोकं वापरून पाळायचा.

मेसेज नेमका केवढा असावा?

मोठ्याने वाचून बघा, आई वाचते त्या वेगाने. तीन-चार छोटी वाक्यं, प्रत्येकात एकच गोष्ट, प्रत्येकानंतर पूर्णविराम. दोन विषय असतील तर दोन मेसेज, आणि दुसरा लगेच नको, ती पहिला वाचत असतानाच दुसरा टणकन वाजला की तिला वाटतं काहीतरी झालं. पाच तुकडे पाठवणारी मंडळी आहेत ना, "आई" टणकन, "ऐक" टणकन, "दादा" टणकन, ते बंदच करा.

साधा बटणांचा फोन असेल आणि एसएमएस पाठवत असाल तर हे लक्षात असू द्या की मराठीत एका एसएमएसमध्ये ७० जागा असतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, मोकळी जागा सगळं वेगळं मोजलं जातं. "आई, मी घरी पोचलो. जेवलो. आता झोपतो. उद्या सकाळी फोन करतो." हे ५७ मध्ये बसतं. ७०च्या पुढे गेलं की मेसेज तुकड्यांत जातो, चांगला फोन ते तुकडे जोडून दाखवतो, जुन्या फोनवर गडबड होऊ शकते. काही जुन्या फोनवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसतात, ते एकदा सुट्टीत घरी असताना पाठवून बघा, गरजेच्या वेळी नको.

मी इंग्रजी अक्षरात मराठी टाइप करते, लवकर होतं. चालेल का?

तुमचं लवकर होतं, तिचं दुप्पट हळू होतं. ती शाळेत बाळबोध शिकली, इंग्रजी अक्षरं जोडून त्यातून मराठी काढणं म्हणजे तिच्यासाठी कोडं. फोनवर मराठी कीबोर्ड टाका, नाहीतर माइकचं बटण दाबून बोला, तो लिहून देतो, फक्त पाठवण्याआधी वाचा कारण नावं आणि "पोचलो"सारखे शब्द तो कधीकधी भलतेच लिहितो.

बोलीभाषा लिहा, "यायलोय", "जेवलो", "झोपलाय", घरात बोलता तसं. आईला तू, बाबांना तुम्ही म्हणत असाल तर मेसेजमध्येही तसंच. एरवी "आई तू" म्हणणारा पोरगा अचानक "आपण काळजी करू नये" लिहायला लागला तर तिला वाटेल दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय, आणि मग का, याचा विचार सुरू.

आमचे आप्पा मराठी बोलतात पण शाळा कानडी. मराठी अक्षरं फार अडखळत वाचतात.

अथणी, हुक्केरी, चिकोडीकडे असं असतं बऱ्याच घरांत. मग कानडी अक्षरांत मराठी लिहा, ते सहज वाचतील. तुम्हाला कानडी लिहिता येत नसेल तर वीस सेकंदांचा व्हॉईस मेसेज, त्यात सुद्धा पहिलं वाक्य "आप्पा, मी घरी पोचलो". आवाज शांत ठेवा, चालत चालत, दम लागलेला, मागे हॉर्न वाजतायत असा रेकॉर्ड केलात तर शब्द काही असोत, त्यांना दमच ऐकू येणार.

चुकीचं पाठवलं गेलं तर डिलीट करू?

शक्यतो नको. सगळ्यांसाठी डिलीट केलं की तिच्या फोनवर मेसेज पुसल्याची पट्टी राहते, आणि पुसलेल्या मेसेजइतकं भयंकर काही नाही, काय लिहिलं होतं, का पुसलं, मला कळू नये म्हणून का. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो, ते करा. ती मिनिटं गेली तर फोन करा आणि सरळ सांगा, ते तुला नव्हतं, ऑफिसच्या माणसाला होतं.

अक्षरं मोठी कशी करू?

अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `Settings > Chats > Font size`, तिथे `Large`. ते पुरलं नाही तर फोनच्याच सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली अक्षरांचा आकार वाढवा. आणि मोतीबिंदू तपासून घ्या हो, बऱ्याचदा "आई हळू वाचते" म्हणतात ती हळू वाचत नाही, तिला दिसतच नाही.

निळी टिक आली पण उत्तर नाही. समजलं असेल ना?

निळी टिक म्हणजे उघडलं, समजलं असं नाही. समजलं नाही हे ओळखायच्या दोन-तीन खुणा आहेत. तुम्ही मेसेजमध्ये लिहिलेलीच गोष्ट ती फोन करून विचारते, म्हणजे ती ओळ तिथे पोचली नाही, पुढच्या वेळी ती वर घ्या. ती तुम्हाला काही न विचारता आक्काला फोन करते, म्हणजे तिला तुमच्यावर शंका आहे, बहुतेक तुम्ही आणि आक्काने वेगवेगळं सांगितलंय. हे फार होतं, एक म्हणतो उद्या सोडतील, दुसरी म्हणते परवा, आईच्या हिशोबात या दोघांच्या मधे काहीतरी लपवलेलं आहे. आजारपणात मेसेज एकानेच लिहावेत, बाकीच्यांनी "मेसेजमध्ये लिहिलंय ना, तेच" एवढंच म्हणावं. तिसरी खूण, शेजारच्या पोराकडून वाचून घेते. वाईट काही नाही त्यात, पण मग तुमचं घरचं, पैशाचं, भांडणाचं त्यात लिहू नका.

एका टिकेवर अडकलं असेल तर फोन बंद आहे किंवा रेंज नाही, तेव्हा दहा मेसेज टाकत बसू नका, रेंज आली की ते दहाही एकदम वाजतील.

"फोन कर" एवढंच लिहिलं तरी आई का घाबरते?

कारण त्यात कारण नाही. "आई, वेळ मिळाला की फोन कर. चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारायचंय." झालं. रात्री दहानंतर आणि पहाटे तर साधा मेसेजही नको, त्या वेळेला वाजलेला फोन म्हणजे आपल्याकडे एकच अर्थ. बस पहाटे चारला पोचली तरी "पोचलो" सहाला, आई उठल्यावर पाठवा, मात्र आदल्या रात्री सांगून ठेवा की सकाळी सहाला कळवतो.

लाइट कट होणार, केवायसी संपली असले मेसेज तिला येतात आणि ती रात्रभर जागी.

तिला एकच मेसेज लिहून ठेवा आणि चॅटमध्ये वर पिन करा, पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहतो, मग परत करा: "आई, लाइटचा, बँकेचा कुठलाही मेसेज आला तर काही दाबू नको. मला सांग. मी बघतो." पैसे गेलेच असतील तर १९३०वर लगेच फोन करायचा, पण तो नंबर तुमच्याकडे ठेवा, तिच्या मेसेजमध्ये घालू नका, त्या नंबरवरून तिला वाटेल पैसे जाणारच आहेत.

रोज काहीच बातमी नसते. मग काय लिहू?

"आई, आज मेथीची भाजी केली. जरा खारट झाली." पाठवा. तिचं उत्तर येईल, मीठ कधी घालायचं ते.